रेघांच्या नळीतलं तेल: ऊर्ध्वपातन करून उतारा नीट कसा काढायचा

पाव किलो पानं उकळून शेवटी नळीत जेमतेम एक मिली तेल दिसतं, आणि त्या एवढ्याशा थरावरून टक्केवारी काढायची असते. इथे अर्ध्या रेघेची चूक निकालात पाच टक्क्यांचा फरक पाडते. पानांत पाणी किती होतं हे लिहून ठेवलं नाही, तर तोच आकडा दुपटीनं, तिपटीनं फिरू शकतो. म्हणून या लेखात एकच प्रयोग घेतला आहे: गवती चहाच्या ताज्या पानांतून तेल काढायचं, ते रेघा आखलेल्या नळीत मोजायचं आणि त्याचा उतारा, म्हणजे पानांच्या वजनामागे किती तेल मिळालं ते, टक्क्यांत मांडायचं. दुसरी वनस्पती असेल तर काय बदलतं, ते शेवटी लवंगेच्या निमित्तानं येईल.

उपकरण काय करतं

गवती चहाच्या तेलात मुख्य घटक सिट्रल. तो एकटा तापवला तर सुमारे २२९ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि तिथवर जाता जाता बिघडायलाही लागतो. पाण्याच्या वाफेबरोबर मात्र तो शंभर अंशांच्या किंचित खालीच निघून येतो. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांचा बाष्पदाब स्वतंत्र राहतो आणि त्यांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळतं. तेलाचा वाटा त्यात छोटा असतो, पण वाफ सतत येत राहिली की तेलही सतत येत राहतं.

हे तेल मोजण्यासाठी जी काचेची जोडणी वापरतात तिला क्लेव्हेंजर उपकरण म्हणतात. क्लेव्हेंजर यांनी ते १९२८ साली मांडलं आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. खाली गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये पाणी आणि पानं. वाफ बाजूच्या नळीतून वर चढते, कंडेन्सरमध्ये थंड होते आणि थेंब रेघांच्या उभ्या नळीत पडतात. तेल हलकं असल्यानं वर तरंगतं. खालचं पाणी तिरक्या नळीतून परत फ्लास्कमध्ये जातं. या रेघांच्या नळीला पुढे मी ट्रॅप म्हणेन.

पाणी परत पाठवणारी ही तिरकी नळी म्हणजे काटकसरीची सोय आहे असं नवख्याला वाटतं. खरं तर मोजमाप तिच्यावरच उभं आहे. एक लिटर पाण्यात सिट्रल साधारण अर्धा ग्रॅम किंवा थोडं जास्त विरघळतं. आता समजा, ट्रॅप न लावता तुम्ही सगळं पाणी बाटलीत गोळा केलं आणि ते सहाशे मिली भरलं. त्यात तीनेकशे मिलिग्रॅम तेल विरघळून बसेल. आपल्याला मिळणारं तेलच मुळात आठ-नऊशे मिलिग्रॅम आहे, म्हणजे एक तृतीयांश माल डोळ्यांदेखत गायब. ट्रॅपमध्ये एका वेळी थोडंसंच पाणी थांबतं. बाकीचं फ्लास्कमध्ये परत जाऊन पुन्हा उकळतं आणि त्यात विरघळलेलं तेल पुन्हा वर येतं.

शब्दांबद्दल एक खुलासा. पानं थेट पाण्यात बुडवून उकळली तर काटेकोरपणे त्याला जल-ऊर्ध्वपातन म्हणतात. वेगळ्या भांड्यातली वाफ पानांतून सोडली तर ते वाफेचं ऊर्ध्वपातन. तेल वाहून नेण्याचं तत्त्व दोन्हीत एकच. गवती चहाला पहिली पद्धत चालते. लव्हेंडरसारख्या तेलात एस्टर भरपूर असतात आणि ते उकळत्या पाण्यात तुटतात, म्हणून तिथे पानंफुलं पाण्याच्या वर ठेवून फक्त वाफ लागू दिलेली बरी.

पानांची तयारी

ताजी पानं एकत्र ढीग करून चांगली मिसळा. कोवळ्या आणि जून पानांत तेल सारखं नसतं, त्यामुळे वरची मूठ उचलून वजन केलं तर तो नमुना त्या मुठीचाच असतो. मिसळलेल्या ढिगातून २५० ग्रॅम प्रयोगासाठी आणि १० ग्रॅम ओलावा काढण्यासाठी, दोन्ही एकाच वेळी, एकाच काट्यावर तोला. ओलाव्याचा नमुना "नंतर बघू" म्हणून टेबलावर ठेवला तर तेवढ्यात पानं सुकतात आणि पुढचं सगळं गणित चुकतं.

तोलल्यानंतर, फ्लास्कमध्ये घालायच्या अगदी आधी, पानं कात्रीनं एक ते दोन सेंटिमीटर कापा. गवती चहाचं तेल पानाच्या आतल्या पेशींमध्ये असतं, कापल्यानं वाफेला वाट मिळते. पण मिक्सरमध्ये लगदा करू नका. लगदा फेसाळतो, बुडाला चिकटतो, आणि फेस नळीतून वर चढून ट्रॅपमध्ये हिरवं पाणी आलं की प्रयोग टाकून द्यावा लागतो. कापून अर्धा तास तसंच ठेवणं हेही तितकंच वाईट. खोलीत सुटलेला छान वास म्हणजे नळीत न आलेलं तेल.

२५० ग्रॅमच का? आपल्या ट्रॅपवर ०.१ मिलीच्या रेघा आहेत आणि डोळ्यानं फार तर अर्धी रेघ, म्हणजे ०.०५ मिली, ओळखता येते. शंभर ग्रॅम पानांतून ०.४ मिली तेल आलं तर अर्ध्या रेघेची चूक म्हणजे बारा टक्के. २५० ग्रॅमला एक मिलीच्या आसपास तेल येतं आणि तीच चूक पाच टक्क्यांवर येते. कमी तेलाच्या वनस्पतीला जास्त माल घ्या, नाहीतर बारीक रेघांचा ट्रॅप शोधा.

जोडणी आणि उकळी

काच आधी साबणाच्या पाण्यानं, मग ॲसिटोननं, शेवटी भरपूर पाण्यानं धुवा. ट्रॅपच्या आतून पाणी सलग पडद्यासारखं ओघळलं पाहिजे. थेंब-थेंब अडकत असतील तर काच तेलकट आहे आणि तुमचं तेलही तिथे तसंच अडकेल. सांध्यांना ग्रीस लावू नका, ते वाफेबरोबर उतरतं आणि तेलाच्या थरात मिसळून उतारा वाढवतं. सांधे पाण्यानं ओले केले तरी पुरेसे बसतात.

तीन लिटरच्या फ्लास्कमध्ये पानं, सव्वा लिटर पाणी आणि उकळी संथ ठेवणारे चार-पाच उकळखडे घाला. फ्लास्क अर्ध्याच्या थोडं वरपर्यंत भरला की थांबा. उकळखडे विसरलात तर गरम पाण्यात ते कधीही टाकू नका, पाणी एकदम उसळून अंगावर येतं. तापणी बंद करून, पाणी चांगलं निवल्यावरच टाका. हीटिंग मँटलवर फ्लास्क बसवा, ट्रॅप जोडा, आणि ट्रॅपमध्ये पाणी ओतत राहा, जोवर ते तिरक्या नळीतून परत फ्लास्कमध्ये पडायला लागत नाही. नळीच्या तळाची तोटी बंद असल्याची खात्री करा. कंडेन्सरला पाणी खालून आत आणि वरून बाहेर.

कंडेन्सरचं वरचं तोंड उघडंच राहिलं पाहिजे. "वास बाहेर जातोय" म्हणून तिथे बूच लावणारे असतात. बंद जोडणीत वाफ कोंडली तर काच फुटते. वास येत असेल तर त्यावर उपाय बूच नाही, तो पुढे सांगतो.

आधी थंड पाणी सुरू करा, मग मँटल. उकळी फुटून पहिला थेंब ट्रॅपमध्ये पडला की घड्याळ सुरू. आता वेग जुळवायचा. मिनिटाला दोन ते तीन मिली पाणी उतरावं, म्हणजे अंदाजे सेकंदाला एक थेंब किंवा त्याहून थोडा कमी. या वेगाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं लागतं. आच जास्त झाली तर वाफेची सीमा कंडेन्सरमध्ये वर-वर सरकते. कंडेन्सर खालच्या एक तृतीयांश भागातच ओला दिसत असेल तर ठीक, अर्ध्यावर गेला तर आच कमी करा. वरच्या तोंडाजवळ लिंबासारखा वास जाणवला, तर उतारा तिथून उडून चाललाय. अशा वेळी आच कमी करा, कंडेन्सरचं पाणी वाढवा. वास घ्यायला तोंडावर वाकू नका. गरम वाफ आहे, आणि वास यायचा असेल तर तो लांबूनही येतो.

ट्रॅप हाताला कोमट लागला तर हरकत नाही, कढत लागता कामा नये. कढत ट्रॅपमध्ये तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरतात, पाणी दुधाळ होतं, आणि त्यातले काही तिरक्या नळीतून परत फ्लास्कमध्ये जातात. ते हरवत नाहीत, पुन्हा वर येतात, पण प्रयोग लांबतो आणि शेवट कधी झाला ते कळेनासं होतं.

केव्हा थांबायचं

घड्याळ बघून थांबू नका. नळी वाचून थांबा. आमच्या एका प्रयोगाच्या नोंदी अशा होत्या: पंधरा मिनिटांनी ०.४०, अर्ध्या तासानं ०.६०, एका तासानं ०.८०, दीड तासानं ०.९०, दोन तासांनी ०.९५ आणि अडीच तासांनी पुन्हा ०.९५ मिली.

अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन वाचनं सारखी आली की तेल संपलं असं धरायचं. पहिल्या पावतासात चाळीस टक्क्यांच्या वर तेल येतं, पण शेवटच्या काही थेंबांना तास लागतो, कारण आता वाफेची घाई नसून पानाच्या आतून तेल बाहेर झिरपण्याची वाट बघायची असते. एका तासाला थांबला असतात तर सोळा टक्के तेल पानांतच राहिलं असतं. शिवाय उशिरा येणारे घटक जड असतात, म्हणजे तुमच्या बाटलीतलं तेल फक्त कमी नव्हे तर वेगळंही झालं असतं.

थांबताना क्रम उलटा: आधी मँटल बंद, उकळी पूर्ण शमल्यावर मगच कंडेन्सरचं पाणी बंद.

वाचन

अर्धा तास शांत राहू द्या. गरम तेल किंचित फुगलेलं असतं हे खरं, पण तीस अंशांच्या फरकानं ते तीनेक टक्केच फुगतं, अर्ध्या रेघेपेक्षा कमी. थांबायचं खरं कारण म्हणजे तेल आणि पाण्याची सीमा. थेंब पडत असताना ती हलत असते, तिच्याजवळ फुग्यांसारखे थेंब लटकलेले असतात. काचेला चिकटलेले थेंब लांब काचकांडीनं हळूच सुटे करून वरच्या थरात मिसळू द्या.

मग तळाची तोटी अगदी हळू उघडून थोडं पाणी सोडा, म्हणजे तेलाचा पूर्ण थर रेघांच्या भागात उतरेल. पुन्हा दोन-तीन मिनिटं थांबा. आता दोन वाचनं घ्या: तेलाची वरची पातळी आणि तेल-पाण्याची सीमा. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे तेलाचं आकारमान. वरची पातळी शून्यावरच आहे असं गृहीत धरून फक्त खालची रेघ वाचणं ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. डोळे त्या पातळीच्या समोर, सरळ रेषेत. मागे पांढरा कागद धरला की गवती चहाचं पिवळसर तेल स्पष्ट दिसतं.

आपलं वाचन: वर ०.१०, खाली १.०५. तेल ०.९५ मिली.

तेल छोट्या बाटलीत काढून घ्या, त्यात चिमूटभर निर्जल सोडियम सल्फेट घालून पाण्याचा अंश शोषून घ्या. पण उतारा बाटलीतल्या तेलावरून काढू नका. काढताना थोडं काचेला लागून राहतंच. उताऱ्याचा आकडा ट्रॅपवरचा.

टक्केवारी, आणि ती कशाची

सरळ भागाकार केला तर:

०.९५ ÷ २५० × १०० = ०.३८ टक्के

हा आकडा आकारमान भागिले वजन असा आहे: शंभर ग्रॅम ताज्या पानांमागे ०.३८ मिली तेल. वजनात हवं असेल तर तेलाच्या घनतेनं गुणा. घनता पुस्तकातून घेण्यापेक्षा मोजलेली बरी: रिकामी छोटी बाटली तोला, पिपेटनं अर्धा मिली तेल घालून पुन्हा तोला. आमच्या तेलाची ०.८९ ग्रॅम प्रति मिली आली. म्हणजे ०.९५ × ०.८९ = ०.८५ ग्रॅम, आणि ०.८५ ÷ २५० × १०० = ०.३४ टक्के. एकाच तेलाचे ०.३८ आणि ०.३४ असे दोन आकडे, दोन्ही बरोबर. नुसतं "०.३८ टक्के" लिहिलं तर वाचणाऱ्याला यातला कोणता ते कळणार नाही.

याहून मोठी गडबड ओलाव्याची. बाजूला ठेवलेली १० ग्रॅम पानं १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवली आणि २.६० ग्रॅम उरली. म्हणजे ७४ टक्के घट, कोरडा भाग २६ टक्के. २५० ग्रॅम पानांत कोरडा भाग ६५ ग्रॅम. कोरड्या वजनावर उतारा:

०.९५ ÷ ६५ × १०० = १.४६ टक्के

आता समजा, तीच पानं कोणी एक दिवस सावलीत सुकवली, ओलावा ६० टक्क्यांवर आला आणि मग २५० ग्रॅम तोलून घेतली. या वेळी कोरडा भाग १०० ग्रॅम आहे. तेल अजिबात वाढलं किंवा उडालं नाही तरी ट्रॅपमध्ये १.४६ मिली दिसेल आणि "ताज्या वजनावर" उतारा ०.५८ टक्के निघेल. सुकवल्यानं तेल निम्म्यानं वाढलं, असं आनंदानं सांगणारे मी बरेच पाहिले आहेत. वाढलं काहीच नाही, फक्त पाणी गेलं. कोरड्या वजनावर दोन्ही वेळा १.४६. सुकवण्याचा खरा परिणाम बघायचा तर हाच आकडा लावा. तो १.४६ वरून १.२ वर आला तर सुकवताना तेल उडालं, असं म्हणता येईल.

ओव्हनच्या पद्धतीत एक खोच आहे. तिथे पाण्याबरोबर तेलही उडतं आणि घटीत मोजलं जातं. गवती चहात ते एक तृतीयांश टक्का, म्हणून सोडून देता येतं. लवंगेत पंधरा-वीस टक्के तेल असतं. तिथे ओव्हननं काढलेला "ओलावा" निरर्थक ठरतो आणि टोल्युइनबरोबर ऊर्ध्वपातन करून फक्त पाणी मोजावं लागतं.

कॅलक्युलेटरनं १.४६१५ दाखवलं तरी ते वहीत उतरवू नका. अर्ध्या रेघेची, म्हणजे पाच टक्क्यांची शंका आहे, तेव्हा १.४६ ± ०.०८ एवढंच म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे. त्याच ढिगाचे आणखी दोन नमुने करून बघा. तिन्ही वाचनांत दीड रेघेपेक्षा जास्त फरक आला, तर चूक बहुतेक वाचनाची नसते. उकळीचा वेग बदललेला असतो किंवा ढीग नीट मिसळलेला नसतो.

तेल जड असेल तर

पहिल्यांदा लवंग घेतली तेव्हा मी याच ट्रॅपमध्ये दोन तास वाट पाहिली. खोलीभर लवंगेचा वास, कंडेन्सरमधून दुधाळ थेंब पडताहेत, आणि नळीत वर तेलाचा पत्ता नाही. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, घनता १.०५ च्या आसपास. ते बुडत होतं आणि तिरक्या नळीतून परत फ्लास्कमध्ये जात होतं, गोल-गोल. दोन तासांचा उतारा जवळजवळ शून्य.

यावर जड तेलांसाठीचा वेगळा ट्रॅप मिळतो. तो नसेल तर ट्रॅपमध्ये आधीच मोजून झायलीन घालतात. ते हलकं असतं आणि तेल त्यात विरघळून वर राहतं. झायलीन ज्वलनशील आहे, उघडी ज्योत जवळ नको, आणि काम धूर-कपाटात करा. ०.५ मिली झायलीन घालून नुसतं पाणी अर्धा तास उकळायचं, थंड करून त्याचं खरं वाचन घ्यायचं, मग फ्लास्क निवल्यावर ताजी कुटलेली लवंग घालायची. शेवटच्या वाचनातून झायलीनचं वाचन वजा.

पण किती लवंग? दहा ग्रॅम घेतली आणि १.६ मिली तेल आलं, तर मिश्रणाचं वजन १.६ × १.०५ आणि ०.५ × ०.८७ मिळून २.१२ ग्रॅम, आकारमान २.१ मिली. घनता १.०१. म्हणजे झायलीन घालूनही थर बुडणार. पाच ग्रॅम घेतली तर तेल ०.८ मिली, मिश्रण १.३ मिली, वजन १.२८ ग्रॅम, घनता ०.९८. हे तरंगतं. नळीत १.३ वाचलं, ०.५ वजा केलं, उरलं ०.८, आणि ०.८ ÷ ५ × १०० म्हणजे १६ टक्के, आकारमान भागिले वजन, लवंग जशी तोलली तशा वजनावर. या तेलात झायलीन मिसळलेलं आहे, म्हणून ते फक्त मोजण्यापुरतं. वापरायला ठेवू नका.